दबक्या आवाजातला बुफे

“रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं. मंगल कार्यालयाच्या हिरवळीवर दिवे लागले आहेत. व्यासपीठापुढे हातात पाकिटं धरून एक लांबलचक रांग उभी आहे. या रांगेत एक प्रौढ नर दिसत नाही. तो मंडपाच्या कडेनं, खांबांच्या सावलीतून पुढे सरकतो आहे. त्याला वास लागला आहे. मसालेभाताचा.”

हे निवेदन एका मित्राचं आहे आणि ते ऐकणारेही मित्रच आहेत. मोबाइलवर दीड मिनिटाचं चित्रण करायचं, त्यावर निसर्गपटाच्या निवेदकासारखा गंभीर, दबका आवाज चढवायचा आणि बुफेतल्या एका मित्राकडे वन्यप्राण्यासारखं पाहायचं, असा हा विनोदाचा प्रकार आहे. तरुणांच्या घोळक्यात तो ऐनवेळी तोंडीही चालतो. बहुतेक वेळा तो दोन वाक्यांत आटोपतो, कारण आवाज जमतो आणि पुढे काय बोलायचं ते सुचत नाही. चांगलं जमलेलं निवेदन मात्र वर्षानुवर्षं मित्रांच्या तोंडी राहतं. आवाजाची नक्कल दोघांकडेही असते. चांगल्या निवेदनामागे पाहिलेलं असतं, म्हणून ते टिकतं.

मुळात हा आवाज आला कुठून, ते आधी पाहू. बीबीसीचे डेव्हिड अॅटनबरो १९५४ पासून ‘झू क्वेस्ट’ या मालिकेतून प्राण्यांविषयी बोलत होते. जगभरातल्या प्रेक्षकांच्या मनात त्यांचा दबका स्वर पक्का बसला तो १९७९ सालच्या ‘लाइफ ऑन अर्थ’मुळे. त्या मालिकेसाठी रवांडात चित्रीकरण करताना ते डोंगरी गोरिलांच्या अगदी जवळ जाऊन बसले होते. अंगठा आणि बोटांची पकड यावर बोलायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात गोरिला एवढे जवळ आले की तो विषय त्यांनी सोडून दिला आणि समोर जे घडत होतं त्याबद्दलच ते हलक्या आवाजात बोलत राहिले. तिथे हळू बोलण्याला सरळ कारण होतं : मोठ्यानं बोललं तर प्राणी बिथरतात.

पुढे निसर्गपटांतलं बरंचसं निवेदन स्टुडिओत, चित्रफीत कापून-जोडून झाल्यावर ध्वनिमुद्रित होऊ लागलं. तिथे बिथरायला कोणी नसतं. तरीही आवाज दबकाच राहिला, कारण त्यातून प्रेक्षकाला दोन गोष्टी कळतात. आपण इथे पाहुणे आहोत, ही एक. आणि समोर जे चाललंय ते प्राण्याच्या दृष्टीनं जीवन-मरणाचं आहे, ही दुसरी. विनोद या दुसऱ्या गोष्टीवर उभा राहतो. आवाज सांगतो की प्रसंग जीवन-मरणाचा आहे आणि चित्रात दिसतं की प्रश्न शेवटच्या दोन जिलब्यांचा आहे. हे अंतर जितकं ताणलं जाईल तितकं हसू येतं, आणि ते ताणायचं असेल तर आवाजाची बाजू जराही ढिली पडून चालत नाही.

याचा पुरावा खुद्द अॅटनबरोंनीच दिला आहे. २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी बीबीसी रेडिओ वनसाठी त्यांनी महिलांच्या कर्लिंग सामन्याच्या चित्रणावर निसर्गपटासारखं निवेदन केलं. बर्फावरून दगड सरकवायचा आणि त्याच्यापुढे ब्रशनं बर्फ घासत जायचं, असा हा खेळ. त्यांनी खेळाडूंना नावं ठेवली नाहीत, हसले नाहीत, आवाजही बदलला नाही. एखाद्या कळपाचं वर्तन समजावून सांगावं तसं ते सांगत गेले आणि तेवढ्यानंच ते ऐकणं मजेचं झालं.

बुफेच का?

पंगतीवर असं निवेदन करून पाहिलं तर ते लगेच पडतं. पंगतीत माणूस जागेवर बसलेला असतो आणि अन्न त्याच्याकडे येतं. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर यांच्या जागा पानावर ठरलेल्या असतात. वाढपी ठरलेल्या क्रमानं येतो, यजमान आग्रह करतो आणि सगळे बरोबर उठतात. निवड नाही, शोध नाही, स्पर्धा नाही. पाहणाऱ्याला टिपण्याजोगं वर्तन अशा वेळी फारसं घडतच नाही.

बुफेनं हे सगळं उलटं केलं. अन्न एका जागी थांबलं आणि माणूस हिंडू लागला. किती घ्यायचं, आधी काय घ्यायचं, कुठे उभं राहायचं, दुसऱ्यांदा कधी जायचं, हे सगळं तो स्वतः ठरवतो आणि ते चारचौघांत ठरवतो. त्यातच एक बंधन त्याच्यावर असतं : आपल्याला फारशी भूक नाही, असं दिसलं पाहिजे. भूक आणि प्रतिष्ठा यांची ही ओढाताण प्रत्येक पावलात दिसते. प्राणी वासावर थेट जातो. बुफेतला माणूस मात्र वळसा घालून, कोणाला तरी “अरे, तुम्ही इथे!” म्हणत जातो. निवेदकानं टिपायचा तो हाच वळसा.

यात वन्यजीव-अभ्यासाचाही खरा आधार मिळतो. प्राणी अन्न कसं शोधतात याचा अभ्यास करणारी एक शाखाच आहे. १९६६ साली रॉबर्ट मॅकआर्थर आणि एरिक पियांका यांनी असा विचार मांडला की प्राणी अन्न निवडताना त्यातून मिळणारी ऊर्जा आणि ते मिळवायला लागणारा वेळ यांचा जणू हिशोब करतो. १९७६ साली एरिक चार्नोव्ह यांनी त्याला पुढची पायरी जोडली. एका जागचं अन्न कमी होत जातं तसं तिथे मिळकतही घटत जाते. ती आजूबाजूच्या सरासरी मिळकतीइतकी खाली आली की ती जागा सोडून दुसरीकडे जाणं फायद्याचं ठरतं. एखाद्या झुडपावरची सगळी फळं न संपवताच पाखरू पुढच्या झुडपावर का जातं, ते यातून उमगतं. स्टार्टरचा ट्रे घेतलेला वाढपी ज्या दारातून बाहेर येतो त्या दाराशीच उभा राहणारा आणि ट्रे अर्धे येऊ लागले की चाटकडे वळणारा मित्र नेमकं हेच करत असतो. निवेदकाला हा नियम ठाऊक असेल तर त्याला काही रचावं लागत नाही. समोर चाललंय ते गंभीर शब्दांत मांडलं की पुरे.

आधी टिपण, मग निवेदन

आता एक प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत घडवून पाहू. मित्राचं नाव बंड्या धरू. समारंभ संध्याकाळच्या रिसेप्शनचा आहे. निवेदन लिहिण्याआधी फक्त काय घडलं ते टिपायचं, त्यात एकही विशेषण घालायचं नाही. बंड्याचं टिपण असं :

आठ दहाला आला, आहेराचं पाकीट खिशातच ठेवलं. ताट न घेता सगळ्या काउंटरवरून एक फेरी मारली आणि तीन भांड्यांची झाकणं उचलून पाहिली. मग ताट घेतलं. काकडी-टोमॅटो, पापड आणि साधी पोळी सोडून दिली. दोन पुऱ्या उभ्या ठेवून ताटात बांध घातला, म्हणजे पनीरचा रस्सा जिलबीपर्यंत जात नाही. एका काकूंनी वाढप्याला “गरम पुऱ्या आणा हो” असं सांगितलं, तेव्हा बंड्या त्यांच्या मागे येऊन थांबला. पुऱ्या आल्या, त्यातल्या दोन त्यानं घेतल्या. पहिलं ताट टबात ठेवून नवं घेतलं. नवरीच्या भावानं “जेवलास का?” विचारलं, त्यावर “आत्ताच आलोय” म्हणाला. आइस्क्रीमचे दोन कप घेतले, एक ‘आईसाठी’. आई समारंभाला आलेली नव्हती. नऊ वीसला व्यासपीठासमोरची रांग संपली, तेव्हा पाकीट काढून वर गेला.

हे टिपण वाचतानाच हसू येतं. निवेदनाचं निम्मं काम इथेच होतं, कारण मजा तपशिलात असते : तीन झाकणं, दोन पुऱ्यांचा बांध, न आलेल्या आईचा कप. हे तपशील कल्पनेनं सुचत नाहीत. त्यासाठी मित्राकडे तासभर लक्ष ठेवावं लागतं.

आता यातून निवडायचं. दीड मिनिटाच्या चित्रणात सव्वाशे-दीडशे शब्दांपेक्षा जास्त निवेदन मावत नाही, कारण या शैलीत वाक्यांइतकीच जागा शांततेला लागते. म्हणून टिपणातल्या चार घटना ठेवायच्या : टेहळणी, बांध, काकूंच्या मागे थांबणं आणि आईस्क्रीम. निसर्गपटातल्या शिकारीच्या प्रसंगालाही हीच चढण असते. आधी अधिवास दिसतो, मग प्राण्याची चाहूल, मग थांबणं, अडथळा, झडप आणि शेवटी माघार. सगळ्यांत जास्त वेळ थांबण्याला द्यायचा. झडप क्षणात होते. तिचा थरार तिच्याआधीच्या थांबण्यातून येतो.

पहिला मसुदा बहुतेक जण असा लिहितात : “आणि इथे आपल्याला दिसतोय भुकेलेला बंड्या! हा खादाड प्राणी आता वाघासारखा पनीरवर तुटून पडणार आहे!” यात तीन चुका आहेत. ‘भुकेलेला’ आणि ‘खादाड’ या शब्दांनी निवेदकानं निकाल आधीच देऊन टाकला, आता पाहणाऱ्याला शोधायला काही उरलं नाही. ‘वाघासारखा’ हे खोटं आहे, कारण बंड्या वाघासारखा काही करतच नाही. वाघ झाकणं उचलून पाहत नाही. आणि उद्गारचिन्हांनी आवाज चढला, म्हणजे शैलीचा पायाच गेला. निसर्गपटाचा निवेदक प्राण्याला कधी खादाड म्हणत नाही. अजगरानं अख्खं पिल्लू गिळलं तरी तो एवढंच सांगतो, की आता काही आठवडे त्याला खावं लागणार नाही.

सुधारलेला मसुदा असा :

“ऋतूची पहिली मोठी मेजवानी. तरीही हा अनुभवी नर घाई करत नाही. रिकाम्या हातांनी तो संपूर्ण प्रदेश पायाखाली घालतो. एक झाकण उचलतो. थांबतो. खाली ठेवतो. दुसरं. तिसरं. कुठे काय आहे, हे आता त्याला ठाऊक आहे.

काकडीच्या पट्ट्यातून तो न थांबता पुढे जातो. इथे पोषण आहे, पण ऊर्जा नाही.

ताटाला मर्यादा आहेत. त्यावर त्याच्या प्रजातीनं एक उपाय शोधला आहे. दोन पुऱ्या. उभ्या. रस्सा अडला. जिलबी सुरक्षित.

आता तो कळपातल्या एका ज्येष्ठ सदस्येच्या मागे येऊन उभा राहतो. तिचा आवाज दूरवर पोहोचतो, हे तो जाणतो. ती गरम पुऱ्यांसाठी साद घालते. तो वाट पाहतो. स्वयंपाकघराचं दार हलतं.

पोट भरलं आहे. तरीही तो दोन कप उचलतो. एक स्वतःसाठी. दुसरा, घरट्यात वाट पाहणाऱ्या आईसाठी. वाटेतलं अंतर मोठं आहे. आणि आइस्क्रीम वितळू लागलं आहे.”

या मजकुरात बंड्याला एकदाही नाव ठेवलेलं नाही. उलट त्याला अनुभवी, सावध आणि कल्पक म्हटलं आहे. ऐकणारे हसतात, कारण स्तुतीची ही सगळी कारणं तंतोतंत खरी आहेत. शेवटच्या परिच्छेदात तो दुसरा कप आईपर्यंत पोहोचणार नाही, हे निवेदक सांगत नाही. ते सगळ्या मित्रांना आधीच ठाऊक आहे. न सांगितलेलं ऐकणाऱ्यानं स्वतः पुरं केलं की ते त्याचं होतं.

मराठीत ते कसं बसवायचं

दूरचित्रवाणीवरचे निसर्गपट आपल्यापैकी अनेकांनी इंग्रजीत किंवा हिंदीत डब केलेले ऐकले आहेत. त्यामुळे मराठीत बोलताना जीभ नकळत त्या वाक्यांकडे वळते. पण मराठी वाक्य क्रियापदावर संपतं आणि विनोदाला शेवटचा शब्द वजनदार लागतो. “तो रबडीकडे वळतो” या वाक्यात रबडी मधेच अडकते आणि क्रियापद मजा घेऊन जातं. त्यावर उपाय आहे. क्रियापदाचं वाक्य आधी पुरं करायचं, थोडं थांबायचं आणि मग एकटं नाम सोडायचं. “त्याची मान वळते. काहीतरी दिसलं आहे. रबडी.” वरच्या मसुद्यात ‘दोन पुऱ्या. उभ्या.’ हे याच कारणानं तोडलं आहे.

शब्दांची पातळीही सांभाळावी लागते. चौकट संस्कृतप्रचुर ठेवायची : अधिवास, कळप, प्रदेश, प्रजाती, ऊर्जा. आत ठेवायची वस्तू मात्र घरगुतीच हवी : पुरी, रस्सा, टब, कप. जिलबीला ‘मिष्टान्न’ केलं की दोन्ही बाजू सारख्या जड होतात आणि अंतर मिटतं. उलट सगळंच बोलीत आणलं, तर तो मित्राची टिंगल करणारा नेहमीचा मित्र उरतो, निवेदक राहत नाही. एक शब्द मात्र टाळावा : समारंभातल्या स्त्रियांना ‘मादी’ म्हणू नये. बंड्याला ‘नर’ म्हटलेलं चालतं, कारण तो आपला आहे आणि खेळात आहे. काकू खेळात नाहीत, आणि माणसाला लावल्यावर तो शब्द आपल्याकडे ओंगळ वाटतो. म्हणून मसुद्यात त्या ‘ज्येष्ठ सदस्या’ आहेत आणि त्यांच्याबद्दल जे आलं आहे त्यात त्यांचा दराराच दिसतो.

प्राण्यांकडे गांभीर्यानं आणि थोडक्या शब्दांत पाहण्याची रीत मराठीत घडलेली आहे. व्यंकटेश माडगूळकरांची १९८२ सालची ‘सत्तांतर’ ही कादंबरी वानरांच्या टोळ्यांतल्या सत्तेच्या लढाईवर आहे. लेखक मधे येऊन मत देत नाही. वानर काय करतात ते साध्या वाक्यांत दिसत जातं आणि त्यातून सगळा ताण उभा राहतो. लग्नातल्या माणसाचं निरीक्षण पाहायचं असेल, तर पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’मधला नारायण आहे. दुसऱ्याच्या लग्नात राबणाऱ्या त्या माणसाची खरेदी, धावपळ, बोलणं, सगळं तपशिलानं येतं. त्यातून हसू येतं आणि नारायणाबद्दल मायाही वाटते. बुफेतल्या मित्राचं निवेदन करणाऱ्यानं ही दोन पुस्तकं लक्ष देऊन वाचली, तर पाहायचं कसं आणि लिहायचं किती, हे दोन्ही तिथे शिकता येतं.

प्राणी खरा असावा

हा प्रकार जिथे सर्वाधिक घसरतो ती जागा म्हणजे प्राण्यांच्या उपमा. एका मिनिटात मित्र वाघ होतो, मग तरस, मग गरुड, मग मगर. प्रत्येक उपमेला थोडं हसू येतं आणि एकही चित्र उभं राहत नाही. वरच्या मसुद्यात बंड्या कोणत्याच प्राण्यासारखा नाही. तो स्वतःच एक प्रजाती आहे आणि तिची रीत आपण पाहतो आहोत. हे सगळ्यांत भक्कम.

तरीही एखाद्या खऱ्या प्राण्याचा आधार घ्यायचा झाला, तर वर्तन तंतोतंत जुळायला हवं. काकूंच्या मागे उभ्या राहणाऱ्या बंड्यासाठी गायबगळा योग्य आहे. चरणाऱ्या गुरांच्या पायांनी गवतातले किडे उडतात आणि गायबगळा ते टिपतो. गुरांचं त्यात काही जात नाही, बगळ्याचे मात्र कष्ट वाचतात. काकूंचीही पुरी कमी झाली नाही. मध्य भारतातल्या जंगलांत चितळंही असंच करतात. झाडावर वानरं खात असतात, त्यांच्या हातून पानं-फळं खाली पडतात आणि चितळं त्या झाडाखाली जमतात. एखादा मित्र दुसऱ्याच्या ताटातला पापड ‘फक्त चव बघतो’ म्हणून उचलत असेल, तर ही उदाहरणं लागू पडत नाहीत. तिथे दुसऱ्यानं मिळवलेलं अन्न हिसकावणारा प्राणी हवा. फ्रिगेट पक्षी हवेतच दुसऱ्या पक्ष्याला छळून त्याच्या चोचीतला मासा खाली टाकायला लावतो आणि स्वतः झेलतो. पापड उचलणाऱ्याला तो शोभतो.

चुकीचा प्राणी निवडला तर जाणकार ऐकणारा लगेच बाहेर पडतो. गाल भरभरून खाणाऱ्या मित्राला ‘वानरासारखा गालात साठवतो’ असं सर्रास म्हटलं जातं. काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या वानराला गालात पिशव्या नसतात. तो पानं खातो आणि ती पचवायला त्याचं जठर अनेक कप्प्यांचं असतं. गालात साठवतं ते लालसर तोंडाचं माकड. ते चार घास पटकन गालांत कोंबतं आणि सुरक्षित जागी जाऊन निवांत खातं. गर्दीतून गुलाबजाम तोंडात टाकून खांबामागे जाणाऱ्या मित्राला हेच माकड हवं. खरी माहिती घातली की निवेदनाला वजन येतं आणि ऐकणाऱ्याला हसता हसता काही कळतंही.

याच कारणासाठी प्राण्याच्या मनात शिरणं टाळावं. ‘त्याला वाटतं की कोणी पाहत नाही’ हे निवेदकाला कळण्याचा मार्ग नाही. ‘तो डावीकडे पाहतो. उजवीकडे पाहतो. मग ताट बदलतो’ हे दिसतं. मसुद्यात दोनच ठिकाणी ‘त्याला ठाऊक आहे’ किंवा ‘तो जाणतो’ आलं आहे आणि दोन्ही वेळा ते त्याच्या कृतीवरून सिद्ध होतं.

आवाज आणि चित्रण

समारंभात डीजे असतो, सनईची ध्वनिफीत असते, भांड्यांचा खणखणाट असतो. त्यात कुजबुजून केलेलं निवेदन ध्वनिमुद्रित होत नाही, आणि ऐकू यावं म्हणून मोठ्यानं बोललं तर कुजबुज उरत नाही. म्हणून निसर्गपटवाल्यांचीच पद्धत घ्यावी. ते लांब पल्ल्याच्या भिंगातून दुरून चित्रण करतात. तिथला बारीक आवाज कॅमेऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे पावलांचा, चावण्याचा आवाजही पुष्कळदा नंतर स्टुडिओत वेगळा तयार करून जोडला जातो. मोबाइलवरही आधी मूक चित्रण करावं. दहा-दहा सेकंदांचे तुकडे घ्यावेत, मोबाइल कमरेच्या उंचीवर स्थिर धरावा, फार झूम करू नये. घरी आल्यावर तुकडे जोडावेत, मूळ आवाज जवळजवळ बंद करावा आणि मग जोडलेलं चित्र पाहत निवेदन लिहावं. उलटा क्रम चुकीचा ठरतो. आधी लिहिलेल्या वाक्याला साजेसं चित्र मिळत नाही आणि जे दिसतंय तेच पुन्हा सांगितलं जातं. झाकण उचललेलं दिसत असेल, तर ‘तो झाकण उचलतो’ हे वाक्य मजकुरातून काढून टाकावं आणि त्या जागी शांतता ठेवावी. तोंडी निवेदनात मात्र ते वाक्य लागतं, कारण तिथे चित्र नसतं.

ध्वनिमुद्रणाला बंद खिडक्यांची गाडी किंवा कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोरची जागा चांगली, तिथे आवाज घुमत नाही. मोबाइल तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला धरावा, म्हणजे प, फ, भ उच्चारताना फुंकर माइकवर आदळत नाही. निव्वळ कुजबूज करू नये, तिला नाद नसतो आणि मिनिटभरात ती कानाला टोचते. नेहमीच्याच आवाजात, पण झोपलेल्या माणसाच्या खोलीत बोलावं तितकं हळू बोलावं. वाक्याचा शेवट खाली उतरू द्यावा. ओठांवर हसू आलं तर ते आवाजात ऐकू येतं, तेव्हा तो तुकडा पुन्हा घ्यावा.

कुठे थांबायचं

निसर्गपटातला निवेदक प्राण्याचा तिरस्कार करत नाही. हा विनोदही त्याच मर्यादेत राहिला तरच मित्रांचा राहतो. बंड्यानं काय केलं, हा विषय आहे. तो केवढा दिसतो, त्याच्या घरी काय शिजतं, त्याला किती भूक लागते, हा विषय नाही. झाकणं उचलणं ही त्याची निवड होती, देह ही त्याची निवड नव्हती. ज्या मित्राच्या जाडीवर किंवा परिस्थितीवर पूर्वी कोणी बोललं असेल, त्याच्यावर हे निवेदन करूच नये. तिथे शब्द कितीही सभ्य असले, तरी ऐकणारे जुनंच ऐकतात. अनोळखी पाहुणे आणि मुलं चित्रणात स्पष्ट दिसू नयेत. यजमान प्रत्येक ताटामागे केटररला पैसे मोजतो, त्यामुळे ‘दुसरं ताट’ हा तपशील यजमानाच्या घरच्यांपर्यंत जाणार असेल, तर तो वगळलेला बरा. आणि चित्रफीत ग्रुपवर टाकण्याआधी ती बंड्याला एकट्याला दाखवावी.

तेव्हा बंड्याचा चेहरा पाहावा. त्यानं “छान आहे” म्हणून विषय बदलला, किंवा पुढच्या लग्नात तो मोजूनमापून वाढून घेऊ लागला, तर निवेदन फसलं, आणि ते पुसून टाकावं. जमलं असेल तर तो हरकत घेतो, आणि हरकत तपशिलाची असते. “दोन नाही, तीन पुऱ्या होत्या. दोन पुऱ्यांनी रस्सा अडत नाही.” मित्र निरीक्षणात दुरुस्ती सुचवू लागला, म्हणजे त्यानं ते निरीक्षण आपलं मानलं. मग तिसरी पुरी मजकुरात घालावी आणि चित्रफीत सगळ्यांना पाठवावी.